भावजयीला काय लिहू?

"ताई, माझ्या धाकट्या भावाला चार दिवसांपूर्वी मुलगी झाली. सिझेरियन झालं. भावजय माहेरी नाशिकला आहे, मी साताऱ्यात. कावीळ दिसली म्हणून बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलंय. भावजयीसाठी मी हा मेसेज लिहून ठेवलाय: 'अभिनंदन! पहिली बेटी, धनाची पेटी! सिझर झालं तरी काळजी करू नकोस. दूध भरपूर येतंय ना? अळीव, डिंक सुरू कर. बाळाला सकाळच्या कोवळ्या उन्हात धर, कावीळ पळते. आणि बाळ झोपलं की तूही झोप.' पण पाठवायला हात होत नाही. दोन वर्षांपूर्वी चुलतबहिणीला असाच मेसेज केला होता. तिने नुसतं 'थँक्स' लिहिलं, आणि नंतर कानावर आलं की त्या दिवशी ती रडली होती. मी दोन मुलं वाढवलीत, माझ्या मनात काही वाईट नसतं. पण तोंड उघडलं की सूचनाच बाहेर पडतात. काय लिहू? आणि भेटायला कधी जाऊ?"
— एक आत्या, सातारा

आत्या झालात, आधी तुमचं अभिनंदन. या गडबडीत ते तुम्हाला कुणी म्हटलं नसेल.

हात अडला ते बरंच झालं. तुमच्या मेसेजमधलं एकेक वाक्य घेऊन बघू या, कारण ही वाक्यं तुमच्या एकटीची नाहीत. आपण सगळ्या जणी हीच लिहितो आणि आपल्यालाही हीच ऐकायला मिळाली आहेत.

"दूध भरपूर येतंय ना?" या वाक्यापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात खोल लागतं ते हेच. बाळंतपणानंतर पहिले दोन-तीन दिवस जे येतं तो चीक असतो. घट्ट, पिवळसर, आणि एका वेळी चमचा-दोन चमचे. बाळाला तेवढाच लागतो. दूध उतरतं तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सिझेरियन झालं असेल तर कधीकधी आणखी एखादा दिवस जातो. याच दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं आणि दहा-पंधरा दिवसांत पुन्हा जागेवर येतं. हे सगळं नेहमीचंच आहे. पण टाके ओढत असताना, रात्री दर दोन तासांनी उठून बाळाला पाजायला घेणाऱ्या बाईला ते नेहमीचं वाटत नाही. तिला वाटतं आपल्याला जमत नाहीये. भरीला तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास बाळंतिणीला उगाचच रडू येतं. शरीरातली संप्रेरकं एकदम खाली येतात, झोप झालेली नसते, आणि समोर कुणी टॉवेलाची घडी चुकीची घातली तरी डोळे भरतात. नेमका तेव्हाच फोन वाजतो आणि कुणीतरी विचारतं, भरपूर येतंय ना? प्रश्न विचारणाऱ्याला फक्त 'हो' हवं असतं. तिच्याकडे ते 'हो' नसतं. तुमची चुलतबहीण बहुधा इथेच रडली असेल.

दिसायला तो प्रश्न आहे, पण आत सल्लाच लपलेला आहे. 'नॉर्मल झालं की सिझर?', 'वजन किती?', 'वरचं दूध देत नाहीस ना?', 'रात्री झोपतं का?' हे सगळे त्याच घरातले. यांतल्या प्रत्येकाचं एक बरोबर उत्तर ठरलेलं असतं, आणि ते तिच्याजवळ नसेल तर ती आपोआप आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते. म्हणून मी स्वतःसाठी एक कसोटी ठेवली आहे. पाठवायच्या आधी प्रत्येक वाक्यापाशी थांबते आणि बघते: हे वाचून तिला काही करावं लागेल का, किंवा कशाचा हिशेब द्यावा लागेल का? लागणार असेल तर ते वाक्य खोडते.

ही कसोटी तुमच्या उन्हाच्या वाक्याला लावून बघा. नवजात बाळांची कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागते, पूर्ण दिवसांच्या निम्म्याहून जास्त बाळांना थोडीफार होतेच. रक्तातलं बिलिरुबिन एका मर्यादेवर गेलं की निळ्या दिव्याखाली ठेवतात. तो प्रकाश बिलिरुबिनचं रूप असं बदलतो की बाळाच्या शी-शूतून ते बाहेर जाऊ शकतं. बाळाच्या डोळ्यांवर पट्टी असते, अंगावर फक्त लंगोट, टाचेतून पुन्हा पुन्हा रक्त घेतात, आणि आईला ते बघत बसावं लागतं. पाजण्यापुरतं कुशीत मिळतं, की परत दिव्याखाली. कोवळ्या उन्हाला त्या दिव्याची सर नाही, आणि उघड्या अंगाने उन्हात धरलं तर तान्हं बाळ गारठायची किंवा त्याची त्वचा भाजायची भीती असते. पण ऊन बरोबर असतं तरी मी ते वाक्य खोडलं असतं. ते वाचून तिच्या मनात पहिला विचार येईल तो असा की उन्हात धरलं असतं तर आज बाळ माझ्याजवळ असतं. तुम्हाला हे म्हणायचं नव्हतं. पण तिला तेच ऐकू येईल.

"सिझर झालं तरी" यातला 'तरी' काढा. त्या एका अक्षरजोडीत सगळं आलं. काहीतरी उणं पडलं आणि आता ते चालवून घ्यायचं आहे, असा त्याचा अर्थ होतो. पोटावरचा छेद सोसून तिने मूल जगात आणलंय, आणि दुसऱ्या दिवशी नर्स हात धरून उठवतात तेव्हा पलंगापासून बाथरूमपर्यंतची दहा पावलं तिला घाट चढल्यासारखी वाटतात. लिहायचंच असेल तर तिच्याबद्दल लिहा, शस्त्रक्रियेबद्दल नको.

आता 'पहिली बेटी, धनाची पेटी.' हे खोडा म्हटलं तर तुम्हाला वाईट वाटेल, कारण ही म्हण प्रेमाने म्हटली जाते. माझ्या आजीनेही माझ्या वेळी म्हटली होती. पण मुलगा झाल्यावर कुणी असं काही म्हणतं का ते आठवून बघा. मुलगा झाला की 'मुलगा झाला' एवढंच पुरतं. धनाची पेटी, लक्ष्मी आली, घराला लक्ष्मीचं पाऊल लागलं, ही सगळी वाक्यं मूळ कुणाची तरी समजूत काढायला जन्माला आली आहेत, आणि समजुतीची गरज आहे हे ती नकळत सांगून जातात. तुमच्या भावाच्या घरात कुणी नाराज नसेल तर समजूत कशासाठी? घरातल्यांनीच हौसेने 'आमची लक्ष्मी आली' म्हटलं तर तुम्हीही खुशाल म्हणा. आपण होऊन सुरुवात करू नका. मुलगी झाली, मला फार आनंद झाला, हे वाक्य पूर्ण आहे.

अळीव-डिंकाचं काय करायचं ते शेवटी सांगते. आणि 'बाळ झोपलं की तूही झोप' हा सल्ला अगदी योग्य आहे, म्हणूनच तो तिला आतापर्यंत दहा जणांनी दिला असणार. अकरावा नको.

एवढं खोडल्यावर उरतं काय, असं तुम्ही म्हणाल. 'अभिनंदन!' एवढंच. आणि ते कोरडं वाटतं, हे खरं आहे. सल्ला काढला की रिकामी जागा राहते आणि आपल्याला ती भरायची कशी ते माहीत नसतं. मला ते एका मामीने शिकवलं, तिच्या नकळत.

माझी मुलगी झाली तेव्हा मी चौथ्या दिवशीही दवाखान्यातच होते. भेटायच्या वेळेत खोली माणसांनी भरून जायची. एक नातेवाईक पलंगाशी उभ्या राहून माझ्या आईला सांगत होत्या की हिला दूध नाही, बाळ हडकलंय बघा, आमच्या सुनेला तर पहिल्या दिवसापासून धार होती. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. सगळे गेले आणि मामी आली. काही विचारलं नाही. पिशवीतून फणी आणि खोबरेल तेलाची छोटी बाटली काढली, मला हळूच बसतं केलं, आणि चार दिवसांच्या गुंत्याची एकेक बट सोडवत वेणी घालून दिली. अर्धा तास तरी लागला असेल. मग हात पुसून बाळाशी वाकली आणि म्हणाली, "अगं, किती लांब नखं आहेत गं हिची! पियानो वाजवणार की काय." आणि गेली. माझ्या मुलीकडे ती दुखतंखुपतं शोधायला म्हणून न बघता नुसती बघणारी पहिली व्यक्ती तीच. ती नखं मला अजून दिसतात.

तुम्ही साताऱ्यात आहात, वेणी घालता येणार नाही. पण मामीने ज्या दोन गोष्टी दिल्या त्या मेसेजमधूनही देता येतात. एक, आईकडे आई म्हणून नाही तर तीच जुनी मुलगी म्हणून बघणं. दुसरं, बाळातलं खरोखर दिसलेलं काहीतरी सांगणं. भावाने फोटो पाठवला असेलच. मोठा करून नीट बघा. मूठ घट्ट मिटली आहे का? कपाळावर आठी आहे? ओठ कसे मुडपलेत? जे दिसेल ते लिहा. फक्त रंग, वजन आणि 'कुणासारखं' या तीन गोष्टींना हात लावू नका. रंगावरून आपल्याकडे काय काय बोललं जातं ते तुम्हाला माहीत आहे, आणि 'अगदी आमच्या दादावर गेलीय' ऐकून नऊ महिने पोटात वाढवलेल्या आईला आपण कुठेच नाही असं वाटू शकतं.

मी तुमच्या जागी असते तर असं लिहिलं असतं. नाव तुमच्या भावजयीचं घाला, मुठीच्या जागी तुम्हाला दिसलेलं घाला:

"अगं, तुझी लेक बघितली! फोटो सकाळपासून दहा वेळा उघडला. ती मूठ किती घट्ट धरलीय गं तिने. मला आत्या केलंस, आनंद पोटात मावत नाहीये. ती लवकर तुझ्या कुशीत येवो. तुला खूप खूप प्रेम. उत्तर द्यायचं नाही हं, फोन बाजूला ठेव."

शेवटची ओळ गाळू नका. बाळंतिणीच्या मोबाइलवर पन्नास-साठ मेसेज साठलेले असतात आणि प्रत्येकाला उत्तर देणं हे तिच्या डोक्यावर कर्ज असतं. ते तुम्ही माफ केलंत. 'ती लवकर कुशीत येवो' यात काविळीची दखल आली, पण चौकशी नाही आणि 'होतं सगळ्यांना' अशी बोळवणही नाही. हा मेसेज तिच्या नंबरवर जाऊ दे. घरच्या ग्रुपवर सगळ्यांबरोबर एक फूल टाकलं तरी चालेल, पण ते म्हणजे अभिनंदन नव्हे. आणि फोटो आपल्या स्टेटसला ठेवायची घाई नको. बातमी सांगायचा पहिला मान त्या दोघांचा. भावाला स्पष्ट विचारा, तो 'ठेव' म्हणाला तरच ठेवा.

भावाला मात्र फोन करा. बापाला या दिवसांत 'पेढे कधी?' याशिवाय कुणी काही विचारत नाही. तो दवाखान्याच्या फाइली घेऊन जिने चढतोय, औषधं आणतोय, आणि घाबरलाही असेल. "बाबा झालास रे! कसा आहेस तू?" एवढं म्हणून गप्प बसा. तो बोलेल. भावजयीच्या आईलाही दोन ओळी लिहा, आजी झालात म्हणून. बाळंतपणाचा भार त्या माउलीवर आहे आणि सासरकडून तिला बहुधा सूचनाच जातात.

आता भेटीचं. तारीख तुम्ही ठरवू नका. भावाला असं सांगा: "मला यायचंय, पण घाई नाही. तिला आणि काकूंना जमेल तेव्हा सांग, बारशालाच बघितलं तरी माझं काही बिघडत नाही." नकार द्यायची वाट अशी आधीच मोकळी करून ठेवली की बोलावणं आलं तर ते मनापासूनचं असतं. घरात कुणाला सर्दी-खोकला असेल तर ठरलेलं जाणंही रद्द करा. गेलात तर आधी साबणाने हात धुवा, बाळाला मागून घेऊ नका, दिलं तर घ्या, आणि तोंडाचा पापा नको. वीस मिनिटं बसा. बाळ रडायला लागलं की 'भूक लागली असेल' म्हणायची ऊर्मी येईल, त्याऐवजी उठून कपबशा आत नेऊन विसळून ठेवा. पाजायची वेळ झाली की कुणी सांगायच्या आधी खोलीबाहेर या.

तुमच्या दोन मुलांचा अनुभव वाया जायला नको, हे मलाही वाटतं. तिने विचारलं तर जरूर सांगा. पण विचारलं तेवढंच, आणि 'असं कर' म्हणून नाही, तर 'माझ्या थोरल्याच्या वेळी मी असं केलं होतं, तुझे डॉक्टर काय म्हणतात?' अशा बोलीत. त्या पोरीला एका कानाने आजीची गुटी आणि मध ऐकायचा असतो, दुसऱ्या कानाने डॉक्टरांचं 'सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही.' त्या ओढाताणीत तुम्ही तिसरी दोरी धरू नका. विचारलं तर माझा कौल डॉक्टरांच्या बाजूने आहे, आणि मध तर वर्षाच्या आत देऊच नये.

एक गोष्ट मात्र गप्प बसायची नाही. बाळ पाजायला उठवूनही उठत नसेल, दूध ओढत नसेल, अंग तापलेलं किंवा गार पडलेलं असेल, श्वास जोरात चालत असेल, घरी आल्यावर पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरलेला दिसला, तर मान-अपमान बघत बसू नका. तसंच भावजयीला ताप असेल, रक्तस्राव वाढला असेल, तर तेही. आणि तिचं रडणं दोन आठवड्यांनंतरही थांबलं नसेल, किंवा 'मी नसते तर बरं झालं असतं' असं काही ती बोलली, तर त्याला थकवा समजू नका. अशा वेळी तिला समजवायचं नाही, भावाला बाजूला घेऊन एका वाक्यात सांगायचं: "आत्ता डॉक्टरांना फोन कर." मनाच्या दुखण्यासाठी १४४१६ हा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे, रात्रीही लागतो, मराठीतही बोलतात. एरवी तुम्ही काही बोलत नाही हे घराला माहीत असलं, की ज्या दिवशी बोलाल त्या दिवशी सगळे ऐकतील.

नाव सुचवू नका, हेही सांगून ठेवते. बारशाला पाळण्याशी वाकून कानात कुर्र करायचा आणि पाठीवर धपाटे खायचा मान तुमचाच आहे. ते दोघं जे नाव देतील ते तिच्या कानात सांगायला तुम्ही जाणार आहात.

आणि आता अळीव-डिंक. 'सुरू कर' असं लिहिण्याऐवजी भावाकडून काढून घ्या की तिला ते आवडतात का आणि तिच्या आईने आधीच केलेत का. केले असतील तर तुम्ही करू नका. लाडवांचे दोन डबे समोरासमोर आले की आपोआप तुलना होते. त्याऐवजी घरातल्या बाकीच्यांसाठी काही न्या, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं: भाजणी, मेतकूट, दोन दिवस टिकतील अशा दशम्या. बाळंतविड्यात झबली-टोपडी-कुंची असू द्या, पण भावजयीसाठी भरजरी साडीपेक्षा पुढून बटणांचे, मऊ सुती दोन गाऊन घ्या, टाक्यांवर घट्ट बसणार नाहीत असे सैल. दशम्या न्याल तो डबा परत मागायचा नसेल असा बघा, म्हणजे तो घासून ठेवायचं आणि परत पाठवायचं काम कुणाच्या मागे लागणार नाही. आणि पर्समध्ये एक फणी असू द्या. तिने केसांना हात लावून 'चार दिवस विंचरले नाहीत' म्हटलं, तर काढा.